आयत्या वेळचा विषय

आमच्या सोसायटीच्या सभेत सातवा विषय दर वर्षी तोच असतो : ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. पहिले सहा म्हणजे मागच्या सभेचं इतिवृत्त, हिशेब, पार्किंग, गच्चीची गळती, कबुतरं आणि पुन्हा पार्किंग. सातव्या विषयापर्यंत किती सभासद टिकतात, हे वडे किती वाजता येणार यावर ठरतं. यंदा सातवा विषय मी होतो.

झालं असं की, सेक्रेटरींनी मला लिफ्टमध्ये गाठलं. लिफ्टमध्ये गाठलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. “तुम्ही कॉम्प्युटरमधले ना? मग वाय-फायच्या सुरक्षिततेवर दहा मिनिटं बोला. सोपं बोला. आणि वडे गार होऊ देऊ नका.” मी एका कचेरीत वीस वर्षं नेटवर्क सांभाळतो, म्हणजे लोकांच्या दृष्टीनं प्रिंटर दुरुस्त करतो. पण पहिल्यांदाच कुणीतरी आपण होऊन मला बोलायला सांगत होतं. मी हो म्हणालो.

तयारी म्हणून आदल्या रात्री पार्किंगमध्ये उभा राहिलो आणि फोनवर आसपासच्या वाय-फायची नावं वाचली. माणसाचा स्वभाव कळायला पत्रिका कशाला, हे नाव पुरे. कुणी `Flat302_5G` असा पोस्टमनच्या सोयीचा पत्ताच दिला होता. कुणी `Password_Vicharu_Naye` अशी पुणेरी पाटी लावली होती. आणि एकानं विनोद म्हणून `Ghari_Konich_Nahi` असं ठेवलं होतं. हा विनोद चोराला फार आवडेल, असं मी दुसऱ्या दिवशी म्हणालो, तेव्हा बी-विंगचे एक गृहस्थ एकदम घड्याळाकडे बघायला लागले.

सभेत मी पहिलाच प्रश्न विचारला, “मंडळी, वाय-फायचा पासवर्ड म्हणून कुणाकुणाचा स्वतःचा मोबाईल नंबर आहे?”

एकही हात वर आला नाही. मग मी प्रश्न फिरवला. “नेट जोडायला आलेल्या मुलानं ‘पासवर्ड काय ठेवू?’ असं विचारलं, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?”

“लक्षात राहील असं काहीतरी ठेव म्हटलं.”

“मग त्यानं काय ठेवलं?”

हळूहळू अकरा हात वर आले. बाराव्या माणसानं हात वर न करता सांगितलं, “माझा नाही, मिसेसचा नंबर आहे.” तिसऱ्या मजल्यावरचे काका जरा ताठ बसून म्हणाले, “मी शेवटचा आकडा बदललाय.”

“काका, तुमचा नंबर ठाऊक असेल, तर शेवटच्या आकड्याच्या उरल्या नऊ शक्यता. चहा गाळेपर्यंत तपासून होतील.”

“पण माझा नंबर त्याला कळणार कसा?”

मी काही बोललो नाही. फक्त जिन्याखालच्या सूचनाफलकाकडे बोट दाखवलं. तिथं कार्यकारिणीच्या नऊ सदस्यांची नावं, फ्लॅट क्रमांक आणि मोबाईल नंबर टंकलिखित करून, प्लॅस्टिकमध्ये घालून, चार टाचण्या मारून लावलेले आहेत. काका खजिनदार आहेत. त्यांचा नंबर दुसरा.

आता समजा, फलक नाही आणि चोराला कुणाचाच नंबर माहीत नाही. तरी हा पासवर्ड किती टिकतो, याचा हिशेब मी सभेत फळ्यावर मांडला. आपल्याकडे मोबाईल नंबर दहा आकडी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ नं सुरू होतो. पुढचे नऊ आकडे काहीही. म्हणजे एकूण शक्यता चारशे कोटी. चारशे कोटी ऐकल्यावर सभा निश्चिंत झाली. आमच्या सोसायटीत दुरुस्ती निधीच्या वर गेलेला कुठलाही आकडा अनंतच असतो.

पण चोर दारात उभा राहून चारशे कोटी वेळा बेल वाजवत नाही. तुमचा फोन घरच्या वाय-फायला जोडला जातो, तेव्हा फोन आणि राउटर यांच्यात चार निरोपांची देवाणघेवाण होते. पासवर्ड त्यात उघड बोलला जात नाही. दोघेही तो ठाऊक असल्याची खूण तेवढी पटवतात. जिन्यात लॅपटॉप घेऊन बसलेल्या माणसाला ते निरोप हवेतून टिपता येतात, आणि मग तो घरी निघून जातो. म्हणजे तुमच्या कुलपाची हुबेहूब प्रत त्यानं घरी नेली. आता रात्रभर बसून तो त्यात एकेक किल्ली लावून बघणार. तुमच्या दारात खुट्ट होणार नाही, कुत्रा भुंकणार नाही, वॉचमन उठणार नाही. वॉचमन तसाही उठत नाही, पण तो वेगळा विषय.

गेम खेळायला मुलं जे महागडं ग्राफिक्स कार्ड मागतात, त्यातलं मध्यम प्रतीचं एक कार्ड अशा सुमारे चार लाख किल्ल्या सेकंदाला लावतं. चारशे कोटींना चार लाखांनी भागा : दहा हजार सेकंद. म्हणजे पावणेतीन तास. तेही सगळ्या किल्ल्या संपवायला. योग्य किल्ली बहुधा आधीच सापडते.

सभेत पहिल्यांदा शांतता पसरली. मग ए-विंगच्या काकू म्हणाल्या, “म्हणजे एक सिनेमा बघून होईपर्यंत.” मला इतकं चांगलं सुचलं नव्हतं.

“मग ठेवायचं काय? ते @ आणि # वगैरे मला जमत नाही,” काका म्हणाले.

@ आणि # ची गरज नाही. लांबी हवी, आणि निवड आपल्या मनाची नको. समजा, रोजच्या वापरातले दोन हजार शब्द आहेत आणि त्यातून डोळे मिटून चार उचलले. शक्यता होतात सोळा लाख कोटी. त्याच कार्डाला त्या तपासायला सव्वा वर्ष लागतं. पाचवा शब्द जोडला की वेळ दोन हजार पटीनं वाढतो आणि अडीच हजार वर्षांच्या वर जातो. चोरानं दहा कार्डं लावली तरी अडीचशे वर्षं. तोवर आपल्या इमारतीचा पुनर्विकाससुद्धा झालेला असेल, असं मी म्हणालो. यावर हशा पिकला, पण तो जरा कडवट होता.

डोळे मिटून हा शब्द महत्त्वाचा. माणसाला पाच शब्द सुचवायला सांगितले, तर तो मुलाचं नाव, कुलदैवत, गाव, गाडी आणि पुन्हा मुलाचं नाव ठेवतो. आरतीची ओळ ठेवली तर ती आपल्याइतकीच चोरालाही पाठ असते. म्हणून घरातला शब्दकोश घ्यावा, डोळे मिटून कुठलंही पान उघडावं, बोट ठेवावं, आणि जो शब्द येईल तो मुकाट्यानं घ्यावा. ‘हा नको, दुसरा बघू’ म्हणायचं नाही. हे स्थळ बघणं नाही. असं पाच वेळा. मी फळ्यावर नमुना लिहिला :

`khalbatta-viman-pavati-gogalgay-umbara`

आणि तीनदा बजावलं : हा नमुना आहे, हा वापरायचा नाही.

शब्द इंग्रजी अक्षरांतच लिहावे लागतात, आणि पासवर्डला आठपासून त्रेसष्टपर्यंत अक्षरं चालतात. ‘गोगलगाय’ शेवटी y नं लिहायची की i नं, यावरून घरात भांडण होऊ नये म्हणून तो वहीत लिहून कपाटात ठेवावा. काकांना धक्का बसला. “लिहून? पासवर्ड लिहायचा नसतो ना?” कचेरीत लिहू नये. पण जिन्यात बसलेल्या चोराचा लॅपटॉप तुमच्या कपाटातली वही वाचू शकत नाही. वही वाचायला जो घरात शिरेल, तो वाय-फायसाठी शिरलेला नसेल.

२०१८ पासून WPA3 नावाचा नवा प्रकार आला आहे. त्यात कुलपाची प्रत घरी नेता येत नाही, प्रत्येक किल्ली तुमच्या दाराशी येऊनच लावून बघावी लागते. राउटरमध्ये तो असेल तर जरूर निवडावा. पण घरात जुना फोन किंवा टीव्ही असेल, तर राउटर WPA2/WPA3 असा मिश्र ठेवावा लागतो, आणि मग जुन्या वाटेनं प्रत नेता येतेच. म्हणून खलबत्ता सुटत नाही.

इथं एकानं विचारलं, “पण नेलं कुणी नेट, तर जाऊन जाऊन काय जाणार? आमचा अनलिमिटेड प्लॅन आहे.” प्रश्न रास्त होता, म्हणून मी विनोद बाजूला ठेवून एक खरी गोष्ट सांगितली. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला होता. त्याचा माग काढत पोलिस पोचले नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका रहिवाशाच्या घरी. त्या घरचं वाय-फाय उघडं होतं, आणि दुसऱ्याच कुणीतरी ते वापरून मेल पाठवला होता. घरात फोन पाच असोत की पंधरा, बाहेरच्या जगाला पत्ता एकच दिसतो, ज्याच्या नावावर बिल येतं त्याचा. चौकशी त्याच्या दारात येते. प्लॅन अनलिमिटेड असतो, निस्तरणंही.

दुसरा मुद्दा मांडायला उठलो, तेव्हा जिन्यातून वड्यांचा वास यायला लागला होता. म्हणून थोडक्यात सांगितलं : घराला कुलुपं दोन आहेत. एक वाय-फायचं, जे आपण पाहुण्यांना सांगतो. दुसरं खुद्द राउटरचं, ज्याच्या आत सगळ्या सेटिंग असतात. ते बहुतेकांनी कधी पाहिलेलंच नसतं. वाय-फायला जोडलेल्या फोनच्या ब्राउझरमध्ये 192.168.1.1 किंवा 192.168.0.1 टाकलं की ते दार दिसतं. नाही दिसलं तर फोनच्या वाय-फायच्या तपशिलात Gateway समोर जो आकडा असतो तो टाकावा, किंवा राउटर उलटा करून बुडाचा कागद वाचावा. अनेक घरांत या दाराचं नावही `admin` असतं आणि पासवर्डही `admin`. म्हणजे कुलूप आहे, किल्ली कुलपालाच लटकवलेली आहे.

याचं भय खरं आहे, पण ते कुठवर आहे तेही सांगितलं पाहिजे. तुमच्या वाय-फायवर बसलेल्या शेजाऱ्याला तुमच्या बँकेचा पासवर्ड वाचता येत नाही. फोन आणि बँक यांच्यातलं बोलणं बंद पाकिटातून जातं. पण दुसरं कुलूप उघडलं, तर तो DNS ची नोंद बदलू शकतो. DNS म्हणजे नाक्यावरचा पानवाला. तुम्ही फक्त नाव सांगायचं, तो घर दाखवतो. पानवालाच फितूर झाला, तर तुम्ही बँकेचं नाव घ्याल आणि तो भलत्याच दारी नेऊन सोडेल. तिथं ब्राउझर बहुधा पडदाभर इशारा देतो की, ही साइट सुरक्षित नाही. आपल्याला असा इशारा दिसला की आपण काय करतो? ‘पुढे जा’ कुठे लिहिलंय ते शोधतो. ते शोधायचं नाही. बँकेच्या साइटवर हा इशारा दिसला, तर आधी राउटर तपासायचा. दुसऱ्या कुलपाचा पासवर्ड वेगळा ठेवायचा आणि पाहुण्यांना तो सांगायचा नाही. नेटवाल्यानं ते कुलूप आपल्याच ताब्यात ठेवलं असेल, तर फोन करून बदलून मागायचा. त्याच पानावर WPS नावाची सोय दिसली तर बंद करायची. तिच्या आठ आकडी पिनची घडण अशी की, जेमतेम अकरा हजार प्रयत्नांत ती सापडते, हे २०११ मध्येच उघड झालं. मग तुमच्या खलबत्त्याला कुणी विचारत नाही. तो मागच्या दारानं आत.

तिसरा मुद्दा सांगताना मात्र मला खरी अडचण आली, कारण ती तंत्राची नव्हतीच, संस्काराची होती. काकू म्हणाल्या, “पाहुणा आला, पाणी दिलं, की तो पासवर्ड विचारतो. नाही कसं म्हणायचं? वाईट दिसतं.” खरंच आहे. आपल्याकडे आता ‘चहा घेणार?’ या प्रश्नाचं उत्तर ‘पासवर्ड काय?’ असंच येतं. दिवाळीपासून दिवाळीपर्यंत किती जणांना दिला, याची मोजदाद नसते. भाचा, त्याचे मित्र, फ्रीज दुरुस्त करणारा, शेजारची मुलगी परीक्षेपुरती, आणि ती परीक्षा तीन वर्षं चाललेली. कुणी तर फोनवरून वाय-फायचा क्यूआर कोड छापून फ्रीजवर चिकटवतात. तो चौकोन गूढ दिसतो खरा, पण त्यात असतं एवढंच :

```
WIFI:T:WPA;S:Flat302_5G;P:इथे पासवर्ड;;
```

फ्रीजसमोर वाढदिवसाचा फोटो काढून गटात टाकला की, केक कापायच्या आत पासवर्ड वाटून झाला.

मी काकूंना विचारलं, “तुमच्या गावच्या घराला ओसरी आहे?”

“आहे की. झोपाळासुद्धा आहे.”

“आलेला माणूस कुठे बसायचा?”

“ओसरीवर.”

“त्याला वाईट वाटायचं?”

“छे! चहा तिथंच जायचा. माजघरात कोण नेतं परक्याला?”

वाय-फायची ओसरी म्हणजे Guest Network. राउटरच्या पानावर ती सोय असली तर चालू करायची, तिला वेगळं नाव आणि वेगळा, सोपा सांगता येईल असा पासवर्ड द्यायचा, आणि पाहुण्यांना घरातल्या यंत्रांपर्यंत जाऊ देण्याची खूण असेल ती काढून टाकायची. पाहुण्याला नेट मिळतं, पण तुमचा लॅपटॉप, प्रिंटर, राउटरचं दार त्याला दिसत नाही. सण झाला की ओसरीचा पासवर्ड बदलायचा. घरातल्या कुणालाच त्याचा ताप नाही. स्वस्तातले दिवे आणि कॅमेरेही तिथंच बसवायचे. ते बनवणाऱ्यानं त्यांची डागडुजी शेवटची कधी केली, कुणास ठाऊक. टीव्ही मात्र विचार करून ठेवावा. तो ओसरीवर ठेवला तर फोनमधले लग्नाचे फोटो त्यावर लावता येत नाहीत. काकांना हा टीव्ही ओसरीवर ठेवण्याच्या बाजूचा मुद्दा वाटला.

आणि आत्ता माजघरात कोण कोण बसलंय, ते कसं कळणार? राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते. ती बघून घाबरू नये. `ESP` नं सुरू होणारं नाव बहुधा तुमचाच दिवा असतो, आणि नवे फोन आपली ओळखसंख्या बदलून येतात, त्यामुळे घरचा माणूसही परका दिसतो. एकेक यंत्र बंद करत जावं आणि यादीतून काय गळतं ते बघावं. सगळं बंद करूनही कुणी उरलाच, तर तो पाहुणा.

याहून सोपी युक्ती मी सभेनंतर काकांच्याच घरी करून पाहिली, त्यांच्या परवानगीनं. त्यांची तक्रार होती की, रात्री नऊनंतर नेट रांगतं. यादीत सतरा यंत्रं होती. घरात माणसं तीन. मी पासवर्ड बदलला आणि आम्ही दोघं चहा घेत बसलो. पाचव्या मिनिटाला वरच्या मजल्यावरच्या कॉलेजकुमारानं जिन्यातून विचारलं, “काका, लाइट गेली का?” दहाव्या मिनिटाला शेजारच्या शिकवणीच्या बाई आल्या. त्यांचा ऑनलाइन वर्ग मध्येच बंद पडला होता. मग वॉचमन आला. त्याला सरळ विचारता येईना, म्हणून तो पाण्याची मोटर चालू आहे का, ते विचारून गेला. काका एकेकाला दार उघडत होते आणि त्यांचा चेहरा लग्नाच्या दारात अहेर घेणाऱ्या यजमानासारखा होत गेला. शेवटी मला म्हणाले, “माणसं चांगली आहेत हो सगळी. पण मी दिला होता फक्त भाच्याला.” काकांना आता ओसरी आहे. शिकवणीच्या बाई तिथं रीतसर विचारून बसतात.

सभेत माझं भाषण बारा मिनिटांत संपलं. वडे कोमटच राहिले होते. कुणी शंका विचारली नाही, हे मला यश वाटलं.

दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या वहिनी लिफ्टमध्ये भेटल्या. “तुमचं ऐकून आम्ही लगेच बदलला बरं का. तो गोगलगायचाच ठेवला. फार गोड आहे.” संध्याकाळी सेक्रेटरींनीही तोच ठेवल्याचं कळलं. रात्री पार्किंगमध्ये जाऊन बघितलं, तर `Ghari_Konich_Nahi` चं नाव बदलून `Ghari_Khup_Jan_Ahet` झालं होतं. तिथला पासवर्ड काय असेल, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

आठवड्यानं सभेचं इतिवृत्त सूचनाफलकावर लागलं. ठराव क्रमांक सात : ‘सर्व सभासदांनी आपला वाय-फायचा पासवर्ड गुप्त ठेवावा. उदाहरणार्थ,’ आणि पुढे खलबत्त्यापासून उंबऱ्यापर्यंत सगळं, एकही हायफन न चुकता, ठळक अक्षरांत. शेजारी कार्यकारिणीचे नऊ नंबर होतेच. फक्त काकांच्या नंबरातला शेवटचा आकडा कुणीतरी निळ्या पेनानं खोडला होता. अक्षर काकांचंच होतं.